लघुरूपाची फोड कधी करायची?

लघुरूप दिसलं की आधी मोठ्याने वाच. 'नासा', 'युनेस्को' आपण सलग शब्दासारखे म्हणतो. 'डब्ल्यूएचओ', 'डीएनए' म्हणताना एकेक अक्षर उच्चारतो. फरक एवढाच. 'जेपेग'मध्ये तर दोन्ही प्रकार एकत्र येतात, तेव्हा वर्गवारीत फार अडकू नकोस.

फोड द्यायची की नाही, हे उच्चारावर नाही, वाचकावर ठरतं. 'डीएनए'चं पूर्ण नाव दिलंस तर वाचक उलट अडखळेल. पण 'एमएस' बघ: डॉक्टरांच्या नावापुढे ती पदवी असते, रुग्णाच्या कागदावर मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार. अशा ठिकाणी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, लगेच कंसात लघुरूप आणि पुढे फक्त लघुरूप. लेखात आजाराचा उल्लेख एकदाच येणार असेल, तर लघुरूप देऊच नकोस.