दुसरी भेट आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझा बेत वाचला. डिसेंबरात डॅलसहून येऊन चौदा दिवस पुण्यात, त्यात आत्याने काढलेली सहा स्थळं, आणि जिच्याशी तू महिनोन्महिने व्हिडिओ कॉलवर बोलतोयस त्या नाशिकच्या मुलीच्या वाट्याला एक दुपार. हे मला पटत नाही. सहा जणांना आत्ताच नकार कळव. "आलाच आहेस तर भेटून घे" हे तू उतरल्यावर सुरू होतं आणि तेव्हा कोणाचं मन मोडवत नाही.

तिला दोनदा भेट. पहिली भेट घरच्यांची असते. पोहे, गावाकडचं कोण कुठलं, पगार, आणि मग तुम्हा दोघांना गच्चीवर वीस मिनिटं. तेवढ्यात दोघंही जपून बोलतात. माणूस कळायला लागतो तो दुसऱ्या भेटीत, म्हणून त्या भेटीची तारीख तिकीट काढतानाच ठरव. पत्रिका बघायचीच असेल तर तीही आत्ताच बघून होऊ दे, नाहीतर भेटीनंतरचा नकार पत्रिकेच्या नावावर खपवला जातो.

शनिवारी रात्री मुंबईत उतरशील. रविवार-सोमवार झोपेचे. पहिली भेट बुधवारी सकाळी अकराला, तिच्या घरी. दुपारी चारची नको, तेव्हा डॅलसमध्ये पहाटेचे साडेचार असतात आणि तू तिच्या आईसमोर पेंगशील. चाकणच्या गर्दीमुळे पुणे-नाशिक रस्त्याला सहा तास धर, म्हणून मंगळवारीच नाशिकला मुक्कामाला जा. ती नोकरी करते. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळेल का, हे तिलाच विचार, मध्यस्थाला नको.

दुसरी भेट त्याच शनिवारी, फक्त तुम्ही दोघं, किमान तीन तास. आईबाबा बुधवारीच पुण्याला परततील, तू नाशिकलाच थांब. याच भेटीत व्हिसाचं बोल. तू एच-वन-बीवर आहेस. लग्नानंतर ती एच-४ वर येईल, आणि तुझा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर होईपर्यंत तिला त्या व्हिसावर तिथे नोकरीची परवानगी साधारणपणे मिळत नाही. तुझ्या कंपनीने तो अर्ज अजून केलेलाच नाही. सीए म्हणून तिचं करिअर ऐन भरात आहे, आणि हे तिला साखरपुड्यानंतर कळलं तर ती फसवणूक ठरेल. "होईल काहीतरी" म्हणू नकोस. अर्ज कधी होणार हे निघण्यापूर्वी कंपनीला विचारून घे आणि जे उत्तर येईल तेच तिला सांग.

पुढचा शनिवार मोकळा ठेव. कोणी आजारी पडलं, तिच्या ऑफिसात काही निघालं, तर दुसरी भेट त्या दिवशी होईल. कितीही आग्रह झाला तरी त्या दिवशी साखरपुडा ठरवू देऊ नकोस. तो दिवस दुसऱ्या भेटीसाठीच राखलेला आहे, हे आईला आजच सांग.

होकार असो वा नकार, परत गेल्यावर आठवड्याभरात तू स्वतः तिला फोन करून सांग. आत्याकडून निरोप नको.