ब्रँडच्या मालकाकडून ऑनलाइन विक्रीचं परवानगीपत्र मिळवण्यासाठी कसं लिहावं?

प्रश्न: ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे. एका ब्रँडचे कुकर आणि डबे आम्ही भिवंडीच्या डिस्ट्रिब्युटरकडून घेतो. आता मार्केटप्लेसवर माल टाकायला गेलो तर ब्रँडचं ऑथरायझेशन लेटर मागतात. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, बिल दाखवा, झालं. कंपनीला पत्र लिहायचं तर कसं लिहू?

उत्तर:

डिस्ट्रिब्युटरचं बिल लागेलच, पण ते पत्राची जागा घेत नाही. माल कुठून आला एवढंच बिलावरून कळतं. त्या नावाखाली तुम्ही ऑनलाइन विकलंत तर ब्रँडच्या मालकाची हरकत नाही, हे फक्त मालकच लिहून देऊ शकतो, आणि मार्केटप्लेसला नेमकं तेच हवं असतं.

कायद्याचं आधी सांगतो, म्हणजे पत्राचा सूर चुकणार नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३० (३) प्रमाणे, मालकाने बाजारात आणलेला अस्सल माल रीतसर विकत घेऊन पुढे विकायला त्याची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मालाची अवस्था बदलली किंवा तो खराब झाला, तर कलम ३० (४) प्रमाणे मालक विरोध करू शकतो. म्हणजे तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात. पण मार्केटप्लेसला स्वतःचे नियम ठेवता येतात आणि तिथे हे कलम दाखवून खातं उघडत नाही. कंपनीच्या पत्रातही ते घालू नका. जे पत्र कायद्याने सुरू होतं ते कंपनीत लीगलच्या टेबलावर जातं आणि तिथेच पडून राहतं. तुम्हाला ते सेल्सच्या टेबलावर हवंय.

आता पत्र कोणाला लिहायचं? इथेच बहुतेकांचं चुकतं. कुकरच्या खोक्यावर 'निर्माता' म्हणून एक नाव असतं, 'मार्केटेड बाय' म्हणून कधी दुसरं असतं, आणि ट्रेडमार्क तिसऱ्याच्याच नावावर असू शकतो. घरच्या धंद्यातून वाढलेल्या ब्रँडमध्ये मार्क अजूनही एखाद्या भागीदाराच्या नावावर असतो. म्हणून ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या पब्लिक सर्चमध्ये ब्रँडचं नाव टाका आणि वर्ग २१ निवडा. साधे, म्हणजे विजेवर न चालणारे कुकर, डबे, पातेली याच वर्गात येतात. विजेवर चालणारी स्वयंपाकाची उपकरणं वर्ग ११ मध्ये. तिथे तीन गोष्टी लिहून घ्या: अर्ज क्रमांक, मालकाचं नाव आणि स्थिती. स्थिती 'रजिस्टर्ड' असेल तर उत्तम. 'अपोज्ड' किंवा 'ऑब्जेक्टेड' असेल तर त्या मार्कवर अजून वाद किंवा हरकत चालू आहे, आणि मार्केटप्लेस अशा पत्रावर अडू शकतं.

मालक आणि माल विकणारी कंपनी वेगळी निघाली, तर पत्र विक्री करणाऱ्या कंपनीला लिहा, पण 'ट्रेडमार्क मालकाने आपल्याला दिलेल्या अधिकाराचा उल्लेख पत्रात करावा' अशी विनंती जोडा. भिवंडीच्या डिस्ट्रिब्युटरने स्वतःच्या लेटरहेडवर तुम्हाला परवानगी दिली तर ती एकटी चालत नाही. पुढे डीलर नेमायचा अधिकार कंपनीने त्याला दिल्याचं पत्र सोबत लागतं. मधली एक कडी तुटली की अर्ज परत येतो.

दुसरी अडचण नावाची. तुमचं दुकान प्रोप्रायटरशिप असेल, तर जीएसटी प्रमाणपत्रावर दोन नावं असतात: लीगल नेम म्हणजे पॅनवरचं तुमचं स्वतःचं नाव, आणि ट्रेड नेम म्हणजे पाटीवरचं. समजा पाटी 'अमुक स्टील सेंटर' आहे, मार्केटप्लेसवरचं खातं तुमच्या स्वतःच्या नावाने आहे, डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर 'अमुक स्टील' एवढंच लिहिलंय आणि कंपनीने पत्र 'मे. अमुक स्टील सेंटर, ठाणे' या नावाने दिलं. माणूस एकच आहे, पण कागद तपासणाऱ्याला चार वेगळी नावं दिसतात. तो तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे नाकारतो. यावर उपाय सोपा आहे. सगळीकडे एकच ओळ वापरा: 'अमुक स्टील सेंटर, प्रोप्रायटर (तुमचं पॅनवरचं पूर्ण नाव), जीएसटीआयएन'. डिस्ट्रिब्युटरला पुढचं बिल याच नावाने काढायला सांगा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि त्यापुढची १० अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी पॅनवरून दुवा जुळतो, म्हणून पत्रात हा क्रमांक हवाच. टाइप करताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल होते, एकदा बोट ठेवून तपासा.

आता पत्र. माझा आग्रह असा की कंपनीला दोन कागद पाठवा: एक तुमचं विनंतीपत्र, आणि दुसरा, त्यांनी तुम्हाला द्यायच्या परवानगीपत्राचा तयार मसुदा, वर्ड फाइलमध्ये. कंपनीतल्या माणसाची हरकत नसते, पण 'काय लिहून द्यायचं' हे त्याला ठरवायला लागलं की काम पुढच्या आठवड्यावर जातं. मसुदा हातात असेल तर तो लेटरहेडवर घेऊन सही करतो.

विनंतीपत्र एका पानाचं असू द्या. पाठवताना इंग्रजीत पाठवा, कारण मसुदा शेवटी मार्केटप्लेसच्या माणसाने वाचायचा आहे. मजकूर साधारण असा:

'विषय: (मार्केटप्लेसचं नाव) वर आपली उत्पादने विकण्यासाठी लेखी परवानगी मिळण्याबाबत.

आम्ही ठाणे येथे भांड्यांचे किरकोळ विक्रेते असून (वर्ष) पासून आपले अधिकृत डिस्ट्रिब्युटर (नाव, भिवंडी) यांच्याकडून आपला माल घेत आहोत. मागील तीन बिलांच्या प्रती सोबत आहेत. सोबतच्या यादीतील मॉडेल आम्ही वरील मार्केटप्लेसवर विकू इच्छितो. त्यासाठी आपले परवानगीपत्र आवश्यक आहे. मसुदा सोबत जोडला आहे; त्यात आपल्याला योग्य वाटेल तो बदल करावा.

आम्ही फक्त आपल्या डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेला, सीलबंद माल विकू. छापील एमआरपीपेक्षा जास्त किंमत लावणार नाही. आपल्या उत्पादनांची नवीन पाने न बनवता उपलब्ध पानांवरच विक्री करू आणि चित्रे फक्त आपण दिलेलीच वापरू. वॉरंटी कार्ड प्रत्येक नगासोबत, बिलाच्या तारखेसह देऊ.'

शेवटचा परिच्छेद काढू नका. एरिया सेल्स मॅनेजरला भीती असते ती याच गोष्टींची. कोणीतरी एका कुकरसोबत भलत्याच कंपनीची कढई जोडून 'कॉम्बो' बनवतो, फोटो मोबाइलवर काढतो, आणि झाकण बसत नाही म्हणून ग्राहकाची तक्रार कंपनीच्या कस्टमर केअरला येते. तुम्ही हे आधीच लिहून दिलंत की त्याला वर विचारायला तोंड राहतं.

किमतीबद्दल मात्र जपून. 'अमुक किमतीच्या खाली विकणार नाही' असं स्वतःहून लिहू नका. खालची किंमत बांधून घेण्याच्या करारांवर स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३ (४) लागू होऊ शकतं, आणि स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये एका मोठ्या कार कंपनीला डीलरच्या सवलतींवर बंधन घातल्याबद्दल २०० कोटींचा दंड केला होता. तोंडी सांगितलं तर ऐकून घ्या, कागदावर आणू नका.

परवानगीपत्राच्या मसुद्यात हे असावं: ब्रँडचं नाव नोंदणीप्रमाणे आणि ट्रेडमार्कचा क्रमांक; तुमची ती एक ओळ आणि पत्ता; मार्केटप्लेसचं नाव; 'सोबतच्या यादीतील मॉडेल'; 'भारतभर'; आणि मुदत दोन्ही तारखांसह. नुसतं 'एक वर्षासाठी' लिहिलं तर कधीपासून, हा प्रश्न उरतो. बऱ्याच कंपन्या सगळी पत्रं ३१ मार्चला संपवतात, म्हणून फेब्रुवारीत मागत असाल तर पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतची मुदत मागा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. खाली सही, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल. पडताळणीसाठी मार्केटप्लेस त्या ईमेलवर विचारू शकतं. तिथे जीमेलचा पत्ता असला तर शंका येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या लेटरहेडवर कायद्याने सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता छापलेला असायला हवा. तो नसेल तर पत्र घेण्याआधीच विचारा.

मॉडेलची यादी वेगळ्या पानावर करा. प्रत्येक ओळीत मॉडेलचं नाव, क्षमता (३ लिटर, ५ लिटर) आणि खोक्यावरचा १३ अंकी बारकोड. भारतीय कंपन्यांचा तो बहुधा ८९० ने सुरू होतो. बारकोड असला की तुमचा माल कंपनीच्या आधीच्या पानाला जुळतो आणि चुकून दुसरं पान तयार होत नाही. कुकरसाठी आणखी एक कागद याच पत्रात मागून घ्या: आयएसआय परवान्याची प्रत. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ प्रमाणे आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि ब्रँडची परवानगी मिळूनही याच कारणाने कुकर अडकू शकतो. परवान्याचा सीएम/एल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. डब्यांना हा कागद जोडू नका, तो फक्त कुकरचा आहे.

पाठवायचं कसं? आधी तुमच्याकडे येणाऱ्या कंपनीच्या सेल्समनकडून एरिया सेल्स मॅनेजरचा ईमेल घ्या. त्याला ईमेल करा, प्रत डिस्ट्रिब्युटरला. डिस्ट्रिब्युटरला वगळून वर गेलात तर तो दुखावतो, आणि कंपनी पहिला फोन त्यालाच करते. छापील प्रत नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने. आठ दिवसांनी फोन, आणखी आठ दिवसांनी त्याच ईमेलच्या उत्तरात आठवण, नवीन ईमेल नको.

पत्र आलं की पीडीएफ आहे तशीच अपलोड करा. कडा कापणं, उजेड वाढवणं, दोन पानं एकात चिकटवणं, यातलं काहीही केलं तर फाइल फेरफार केल्यासारखी दिसते. स्कॅन रंगीत हवा, शिक्का निळा दिसला पाहिजे. मुदत संपायच्या ४५ दिवस आधी नूतनीकरणाचं पत्र टाका, कारण मुदत संपली की विक्री थांबू शकते आणि माल गोदामात पडून राहतो.

कंपनीने नाही म्हटलं, तर कारण लेखी मागा. 'ऑनलाइन आम्ही स्वतःच विकतो' असं असेल तर त्या ब्रँडचा नाद सोडा आणि दुकानात विकत राहा. 'नवीन डीलरला देत नाही' असं असेल तर तो नकार कायमचा नाही. सहा महिन्यांची बिलं जमवून, तेवढ्याच मॉडेलची छोटी यादी घेऊन पुन्हा लिहा. २० मॉडेल मागणाऱ्याला जे मिळत नाही, ते ४ मॉडेल मागणाऱ्याला अनेकदा मिळतं.