बाँडची गोष्ट नव्या कंपनीला केव्हा सांगावी?

“मॅडम, वाळूजच्या कंपनीत माझा दोन वर्षांचा बाँड आहे, त्यातले आठ महिने बाकी आहेत. सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही, असंही लिहून दिलंय. चाकणच्या कंपनीने 15 जुलैची जॉइनिंग दिली आहे. बाँडचं सांगितलं तर ऑफर जाईल का? न सांगताच जॉइन होऊ का?”

हा तरुण मूळचा जालन्याचा, डिप्लोमा करून क्वालिटी विभागात लागलेला. त्याने ऑफर लेटर दाखवायला आणले होते. मी मात्र आधी जुने नियुक्तिपत्र आणि बाँडचा स्टॅम्प पेपर मागवून घेतला, कारण अशा प्रकरणात निम्मी भीती ऐकीव माहितीची असते. कागद वाचल्यावर त्याच्या एका काळजीच्या तीन वेगळ्या बाबी निघाल्या: साठ दिवसांचा नोटीस पीरियड, मुदतीआधी सोडल्यास दीड लाख रुपये भरण्याचा बाँड आणि वर्षभराची स्पर्धाबंदी. जॉइनिंगची तारीख यांतल्या पहिल्या बाबीवर ठरणार होती आणि नेमका तिचाच त्याने विचार केलेला नव्हता. त्याने 3 जूनला राजीनामा दिला असता, तरी साठ दिवस 2 ऑगस्टला पूर्ण होत होते.

स्पर्धाबंदीची त्याला सर्वांत जास्त धास्ती होती, पण कायद्याच्या दृष्टीने तीच बाब सर्वांत लंगडी होती. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणाच्या व्यवसायावर निर्बंध घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करू नये ही अट न्यायालयांनी सहसा मान्य केलेली नाही. नोकरीत असतानाची बंदी मात्र चालते. म्हणजे नोटीस पीरियडमध्ये चाकणचे काम सुरू करणे धोक्याचे होते. गोपनीयतेची अटही नोकरी सोडल्यावर टिकू शकते, म्हणून ड्रॉइंग, दरपत्रके किंवा ग्राहकांच्या तक्रारींचे अहवाल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घेऊ नयेत, हे मी त्याला बजावले.

बाँडचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हा कॅन्टीनमधला सल्ला पाळू नये. बाँड कोणाला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही; वाद उरतो तो पैशाचा. तिथेही करार कायद्याच्याच कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवते. चोवीसपैकी सोळा महिने पूर्ण झाले असल्याने उरलेल्या आठ महिन्यांच्या प्रमाणात 50 हजार रुपये होत होते. तसे बाँडमध्ये लिहिलेले नव्हते, पण मागणी करण्याजोगा आकडा तो होता.

आता मूळ प्रश्न. ऑफर हातात आल्यानंतर, पण ती सही करून परत पाठवण्याआधी सांगावे, हे माझे मत आहे. बऱ्याच ऑफर लेटरांत ‘माझ्यावर आधीच्या नियोक्त्याचे कोणतेही बंधन नाही’ असे प्रतिज्ञापन असते आणि ते याच्याही कागदात चौथ्या पानावर होते. बाँड लपवून त्यावर सही केली असती, तर नवी कंपनी पुढे बाँडसाठी नव्हे, तर खोट्या सहीसाठी त्याला काढू शकली असती. म्हणून त्याने फोन न करता एचआरला छोटा मेल लिहिला. त्याचा आशय असा: ‘माझा नोटीस पीरियड साठ दिवसांचा असून मी 4 ऑगस्टला रुजू होऊ शकेन. आधीच्या कंपनीशी सेवाबंध आहे, त्याची रक्कम मी स्वतः मिटवीन. नियुक्तिपत्रात स्पर्धाबंदीची अट आहे, तिची प्रत जोडत आहे. प्रतिज्ञापनात ही नोंद करून सुधारित ऑफर द्यावी.’ रक्कम आपण भरू, हे वाक्य महत्त्वाचे होते. एचआरला बाँडपेक्षा ‘हा खर्च आपल्या गळ्यात पडेल का’ याची चिंता अधिक असते. सुधारित तारीख लेखी येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.

सुधारित ऑफर आली. जुन्या कंपनीने आधी पूर्ण दीड लाख मागितले. प्रशिक्षणावर प्रत्यक्ष किती खर्च झाला याचा तपशील त्याने लेखी मागितल्यावर बोलणी 60 हजारांवर आली आणि ते फुल अँड फायनलच्या शेवटच्या हिशेबातून वळते झाले. जुन्या कंपनीकडे जमा ठेवलेला कोरा चेक त्याने नो-ड्यूज घेतानाच परत मागून घेतला. रिलीव्हिंग लेटरला मात्र उशीर लागला, तो लागतोच; तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या पगारपत्रकांवर चाकणच्या एचआरने काम भागवले. हाच मुलगा डिझाइन विभागात असता आणि त्याच ग्राहकाच्या त्याच पार्टवर काम करायला निघाला असता, तर मी त्याला मेल लिहिण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे पाठवले असते.