कोल्ह्याची नोकरी

"आई, आज्जीच्या गोष्टींत कोल्हा दर वेळी लबाडच का असतो? सिंहच राजा का? आणि कावळा सगळ्यांच्या मध्ये मध्ये का करतो? एकसुद्धा चांगला कोल्हा नाही का?"

सई बाळा,

आज्जी सांगते त्यातल्या बऱ्याच गोष्टी पंचतंत्रातल्या आहेत. अमरशक्ती राजाची तीन मुलं अभ्यासात अगदीच ढ होती. त्यांना सहा महिन्यांत राज्यकारभार शिकवायचं विष्णुशर्म्याने कबूल केलं आणि त्यासाठी या गोष्टी सांगितल्या, असं पंचतंत्राच्या सुरुवातीलाच येतं. म्हणजे गोष्टीत जंगल असलं तरी खरा विषय दरबाराचा. तिथे प्राण्यांना नोकऱ्या वाटून दिल्यात असं समज. बुद्धिबळात उंट तिरका का चालतो म्हणून आपण अडून बसत नाही, तसंच.

उंटावरून आठवलं. तुझे तिघेही एकत्र येतात अशी एक गोष्ट त्यात आहे. मदोत्कट नावाचा सिंह. त्याच्या पदरी बिबट्या, कावळा आणि कोल्हा. एकदा व्यापाऱ्यांच्या तांड्यातून चुकलेला क्रथनक नावाचा उंट त्यांना दिसतो. सिंहाने असला प्राणी कधी पाहिलेलाच नसतो. हा कोण, हे सांगतो कावळा: हा गावातला प्राणी, उंट म्हणतात याला, तुम्हाला खायला चालेल, मारा. कावळ्यालाच ठाऊक असणार ना! गावात उष्टं-खरकटं वेचायचं, संध्याकाळी झाडावर परतायचं, दोन्हीकडच्या बातम्या त्याच्याकडे. त्याचं मध्ये मध्ये करणं ते हेच. म्हणून त्याच्याकडे हेराचं आणि निरोप्याचं काम.

सिंह मात्र म्हणतो, घरी आलेल्याला मी मारत नाही. अभय देऊन तो उंटाला ठेवून घेतो. पुढे हत्तीशी झुंजताना सिंह जखमी होतो, शिकार बंद पडते आणि नोकरांची उपासमार सुरू होते.

आता कोल्ह्याकडे नीट बघ. तिकडे आपल्या उसाच्या फडात रात्री जो ओरडतो, तोच हा. अंगाने कुत्र्याएवढासुद्धा भरत नाही. गोष्टीत मोठ्या जनावराने मारलेलं खाऊन उरलं की याचं पोट भरणार, त्यामुळे त्याला मोठ्यांच्या आसपास राहावंच लागतं. ताकद नाही, पण जवळीक आहे. दरबारात असा माणूस बोलण्यावरच जगतो. तो सिंहाला म्हणतो, अभय देऊन मारलंत तर दोष लागेल. पण उंट आपणहून जीव द्यायला तयार झाला तर?

मग ठरल्याप्रमाणे नाटक सुरू होतं. कावळा पुढे होतो, "महाराज, मला खा." कोल्हा म्हणतो, तू केवढासा, तुला खाऊन काय होणार? मग कोल्हा स्वतःला देऊ करतो. बिबट्या म्हणतो, तूही लहानच, शिवाय नखंवाला, म्हणजे महाराजांच्याच जातीचा. मग बिबट्या पुढे येतो. उंट बघत असतो की सगळे गोड बोलले आणि मेलं कुणीच नाही. बिबट्याला "तूही नखंवालाच" असं सांगून, त्याला बाजूला सारतो तो उंटच! मग स्वतः पुढे होतो. या वेळी मात्र नको म्हणायला कुणी येत नाही. कोल्हा आणि बिबट्या त्याची कूस फाडतात.

सिंहाने शब्द मोडला का? म्हटलं तर नाही. पंचतंत्रातला राजा बरेचदा असाच असतो: ताकद सगळी त्याची, पण बाहेरचं कळणार ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि नको ते काम परस्पर उरकलं जातं. आपल्या राधानगरीच्या रानात सिंह नाही, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये तू बघितलेस ते पेंढा भरलेले वाघ. तरी गोष्टीत राजा सिंहच, कारण गादी सिंहासनाची.

कामं ठरलेली असली की सांगणाऱ्याचं निम्मं काम वाचतं. 'एक कोल्हा होता' म्हटलं की तू कान टवकारतेस. नवखा फक्त उंट, त्यामुळे तुझं सगळं लक्ष त्याच्यावर. आणि काम बदलू पाहणाऱ्याचं काय होतं, तेही आहे. नीळ भरलेल्या पिंपात पडलेला कोल्हा निळ्या रंगावर राजा झाला, पण लांबून कोल्हेकुई ऐकली आणि स्वतःच ओरडला. संपलं राज्य. मला हे जरा दुष्टपणाचं वाटतं, पण जुन्या दरबाराचा हिशेब तसाच होता. इसापाकडे मात्र कावळ्याची पंचाईत होते. तिथे समोर कोल्हा असल्यामुळे स्तुतीला भुलून तोंडातला घास घालवणारा तो होतो. आपल्याकडचा कावळा एवढा भोळा सहसा नसतो.

आणि चांगला कोल्हा आहे बरं का! करटक. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत करटकाचा सोबती दमनक विष कालवतो. याला 'तो तुला मारणार', त्याला 'तो तुला खाणार', असं दोन्हीकडे सांगून. करटक त्याला पुन्हा पुन्हा झापतो, अशाने राजाचंही वाटोळं होईल म्हणून बजावतो. दमनक ऐकत नाही. बैल मरतो, सिंह रडतो आणि मंत्रिपद दमनकाला मिळतं.

तुझी,
आई