नकाराचं पत्र संयोजकाच्या टेबलावरून कसं दिसतं

प्रश्न: एका परिषदेत भाषणाचं निमंत्रण आलंय, पण जमणार नाही. नकाराचं पत्र लिहिलं तर ते लांबलचक आणि रडकं झालंय. नम्र, छोटं आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलावतील असं कसं करू?

उत्तर: मी निमंत्रण देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. कॉलेजात भूगोल शिकवला आणि नोकरीभर चर्चासत्रांचं संयोजकपद गळ्यात पडत राहिलं. त्यामुळे अशी पत्रं लिहिली कमी, वाचली जास्त. संयोजक त्यात दोनच गोष्टी शोधतो: येणार की नाही, आणि येणार नसाल तर पुढे विचारायचं की नाही. बाकीचं वाचायला त्याला वेळ नसतो, कारण पत्रिका छापायला द्यायची राहिलेली असते.

भूजलावर आमचं चर्चासत्र होतं. बीजभाषणासाठी एका ज्येष्ठ भूवैज्ञानिकांना बोलावलं. उत्तर आलं ते दोन पानी. सुरुवात अशी, की ‘आपल्या निमंत्रणाने भारावून गेलो.’ मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग घरातलं लग्न, मग दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत कसं साठतं यावर अर्धं पान (ते मात्र खरोखर वाचण्यासारखं होतं), आणि अगदी तळाशी, ‘प्रयत्न करतो, पण बहुधा जमेलसं वाटत नाही.’ प्राचार्यांनी पहिला परिच्छेद वाचला, समासात ‘येत आहेत’ असा शेरा मारला आणि नाव पत्रिकेत छापून गेलं. आदल्या संध्याकाळी स्टेशनवर गाडी किती वाजता पाठवू म्हणून मी फोन केला, तर ते म्हणाले, ‘अहो, मी तर कळवलं होतं!’ मग रात्री शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांच्या हातापाया पडून बीजभाषण उरकलं.

आमच्या विभागातले एक सर अजून म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाने हाताने दोन पानं लिहिली, हा आपला केवढा मान! कसला मान? नकार शोधायला भिंग घ्यावं लागतं, त्याला मान म्हणत नाहीत. तेच पत्र त्यांनी असं लिहायला हवं होतं:

> मा. संयोजक,
> सप्रेम नमस्कार.
> भूजल चर्चासत्रात बीजभाषणासाठी आपण मला बोलावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रकृतीमुळे सध्या प्रवास करता येत नसल्याने मी येऊ शकणार नाही. बेसॉल्टमधल्या पाण्यावर आपण स्वतंत्र सत्र ठेवलं आहे, हे विशेष आवडलं. पावसाळ्यानंतर याच विषयावर विद्यार्थ्यांशी बोलायला मला आनंद होईल. महिनाभर आधी कळवावं. चर्चासत्रास शुभेच्छा.
> आपला,

आभार मानल्यावर लगेच नकार, आणि तोही ‘बहुधा’ न लावता. कारण एकच, तेही एका ओळीत. तीन कारणं दिली की संयोजक त्यांवर तोडगे सुचवायला लागतो: गाडी पाठवतो, वेळ बदलतो, ऑनलाइन बोला म्हणतो. माफी मागायचीच असेल तर एकदा मागा. सत्राबद्दलचं वाक्य मात्र गाळू नका. निमंत्रणासोबतचा कागद तुम्ही वाचलात, हे त्यावरूनच कळतं आणि पत्र छापील वाटत नाही.

पुढच्या वेळी बोलावतील की नाही, ते शुभेच्छांच्या आधीच्या दोन वाक्यांवर ठरतं. ‘पुन्हा कधीतरी नक्की’ असं सगळेच लिहितात, त्यामुळे त्याला काही किंमत राहिलेली नाही. कधी, कशावर आणि किती आधी सांगायचं, एवढं लिहिलं की माझ्यासारखा माणूस ते वहीत टिपून ठेवतो. खरंच जायचं नसेल तर ती वाक्यं लिहूच नका, नाहीतर पावसाळ्यानंतर फोन येईल आणि पुन्हा पत्र लिहीत बसाल.

आमच्या सरांचं आणखी एक म्हणणं, की नकार देताना दुसरं नाव सुचवणं हा शिष्टाचार. सुचवा, पण त्या माणसाला आधी विचारून. असं परस्पर सुचवलेलं माझं नाव एका संयोजकांनी थेट पत्रिकेत घातलं होतं आणि मला ते व्हॉट्सॲपवर कळलं. त्या दिवसापासून सरांचं आणि माझं या विषयावर जमत नाही.

एक राहिलं. हे सगळं खऱ्या निमंत्रणाबद्दल. ‘प्रमुख वक्ते’ म्हणून बोलावून वर तुमच्याकडेच नोंदणी शुल्क मागणारी ईमेलं येतात, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. आणि अडचण तारखेची नसून प्रवासखर्चाची असेल, तर तसं स्पष्ट लिहा; पुष्कळदा तरतूद असते, संयोजक आपणहून सांगत नाही एवढंच. आम्हीही सांगत नसू.