बोडीच्या गाळातले पाइल आणि निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन

प्रश्न: भंडारा जिल्ह्यात आमच्या गावाजवळची जुनी बोडी मुरूम टाकून बुजवली आणि लगेच प्रीकास्ट पाइल ठोकून धानाचे गोदाम बांधायला घेतले आहे. लोड टेस्ट पास झाली, तरी सल्लागार निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन धरायला सांगतात. खरंच गरज आहे का?

उत्तर: गरज आहे. लोड टेस्टवरून ही शंका मिटत नाही, कारण चाचणीत घर्षणाची दिशाच उलटी असते. जॅकने दाबलेला पाइल भोवतालच्या मातीच्या तुलनेत खाली सरकतो, त्यामुळे भराव आणि गाळ दोन्ही त्याला वर धरतात. पुढे मात्र भरावाच्या वजनाने गाळातले पाणी हळूहळू निघून जाते, गाळ खचतो, आणि पाइल खडकावर टेकलेला असल्यामुळे तीच माती त्याला खाली ओढू लागते; हेच निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन. त्यासाठी दोहोंच्या हालचालीत काही मिलिमीटरचा फरक पुरतो.

उदाहरणादाखल 3 मीटर मुरूम, त्याखाली 6 मीटर मऊ गाळ, गाळाच्या माथ्याशी पाण्याची पातळी आणि कच्च्या खडकात टेकलेला 300 मिलिमीटर चौरस पाइल धरू. मुरुमाचे वजन घनमीटरला 19 किलोन्यूटन असेल, तर गाळाच्या माथ्यावर 57 किलोपास्कल भार येतो, आणि गाळ पुरता दबल्यावर त्यातला सरासरी प्रभावी दाब साधारण 78 किलोपास्कल होतो. घर्षण त्याच्या पाव पट धरल्यास गाळातून सुमारे 140, आणि मुरुमात ते तिथल्या सरासरी दाबाच्या साधारण एक तृतीयांश धरल्यास आणखी 35 किलोन्यूटन ओढ लागते. गोदामाचा भार पाइलमागे 300 असेल, तर टोकाशी तो 475 होतो. दीडपट भाराच्या, म्हणजे 450 किलोन्यूटनच्या चाचणीत मात्र वरच्या थरांनी काही वाटा उचललेला असल्याने टोकापर्यंत 450 पेक्षा कमीच पोहोचतात.

याचा अर्थ पाइल कोसळेल असा नाही. टोक थोडे दबले की ओढ आपोआप कमी होते, म्हणून हा प्रश्न मुख्यतः पाइलच्या काँक्रीटच्या ताकदीचा आणि खचण्याचा आहे. माझ्या मते खरा धोका असतो तो काही पाइल खडकापर्यंत गेलेले आणि काही गाळातच थांबलेले असतात तेव्हा, कारण मग खांब असमान खचतात. म्हणून प्रत्येक पाइलची ठोकण्याची नोंद तपासावी.

तात्पुरता भार या ओढीत मिळवू नये, असा एक प्रघात आहे आणि तो वाहनांच्या बाबतीत योग्यही आहे. धानाच्या थप्प्या मात्र महिनोन्‌महिने राहतात. शिवाय फरशी भरावावर असेल तर त्यांचे वजनही गाळावरच येते.

पाइल अजून ठोकायचे असतील, तर भराव टाकून थांबणे सर्वांत स्वस्त. पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघत असले, तरी असा गाळ पुरेसा दबायला काही वर्षे लागू शकतात. थांबणे शक्य नसेल, तर गाळातल्या भागाला डांबराचा लेप द्यावा, खडकात जाणारे टोक कोरे ठेवावे आणि लेप खरवडला जाऊ नये म्हणून मुरुमातून आधी भोक पाडून घ्यावे. वैशाखातल्या उन्हात रचून ठेवलेल्या पाइलवरून मऊ प्रतीचे डांबर ओघळून जाते, हेही कंत्राटदाराला सांगून ठेवा. ठोकून झालेल्या पाइलसाठी मात्र वरील हिशेबच करावा लागेल, आणि फरशीवर खुणा करून दर महिन्याला लेव्हल घ्यावी: खांब जागेवर आणि फरशी खाली जात असेल, तर ओढ सुरू झालेली आहे.