'ग्रीनर सॉल्व्हंट'ला 'हरित द्रावक' म्हणावं का?

प्रश्न: "केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. हळदीतून करक्युमिन काढायला डायक्लोरोमिथेनऐवजी इथेनॉल आणि कोलीन क्लोराइड व लॅक्टिक आम्लापासून बनवलेलं डीप युटेक्टिक सॉल्व्हंट वापरून बघितलं. परिषदेत सहा मिनिटं मराठीत बोलायचंय. 'ग्रीनर सॉल्व्हंट'ला 'हरित द्रावक' चालेल का? एक्स्ट्रॅक्शन म्हणजे अर्क काढणं की निष्कर्षण? आणि यील्डला 'उत्पन्न' लिहिलंय ते बरोबर आहे का? मसुदा सोबत जोडलाय."

मसुदा वाचला. 'द्रावक' पक्का शब्द आहे, शाळेपासून द्राव्य, द्रावक, द्रावण ही तिकडी सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे तिथे हात लावू नका. गडबड 'हरित'मध्ये आहे. एकतर तुम्ही वनस्पतीबद्दल बोलताय आणि 'हरित द्रावक' भरभर म्हटलं की मागच्या रांगेत 'हरितद्रव्य' ऐकू जातं, म्हणजे क्लोरोफिल, मोठ्याने म्हणून बघा म्हणजे कळेल. दुसरं म्हणजे इंग्रजी शब्द 'ग्रीनर' आहे, 'ग्रीन' नाही. 'हरित' म्हटलं की शिक्का मारून झाला. 'ग्रीनर' ही तुलना आहे, आणि मराठीत तुलना करायची तर 'पेक्षा' लागतो, आणि 'पेक्षा' आला की कशापेक्षा ते सांगावंच लागतं. म्हणून मी शीर्षकात सरळ 'कमी घातक द्रावक' लिहीन आणि पहिल्याच वाक्यात 'डायक्लोरोमिथेनपेक्षा' म्हणेन. औषधांत उरलेल्या द्रावकांसाठी औषधांचे निकष ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी मर्यादा आहे तिच्यात डायक्लोरोमिथेन 600 पीपीएमपर्यंत चालतं आणि हेक्झेन 290, तर इथेनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटेट 5000 पर्यंत. एवढा एक आकडा सांगितला की 'कमी घातक' हे विशेषण राहत नाही, मोजमाप होतं.

पण इथेच मसुद्यातलं "इथेनॉल सर्व बाबतीत हरित आहे" हे वाक्य काढून टाका. द्रावक उडवून परत मिळवायचं म्हटलं तर इथेनॉलला प्रति ग्रॅम डायक्लोरोमिथेनच्या साधारण 2.5 पट उष्णता लागते, शिवाय ते 78 अंशाला उकळतं आणि डायक्लोरोमिथेन 40 लाच. म्हणजे माणसाला कमी घातक पण विजेच्या बिलाला जास्त. हे तुम्ही स्वतःहून बोललात तर परीक्षकाला विचारायला उरत नाही.

आता अर्क की निष्कर्षण. वैद्याच्या भाषेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून काढलेला, ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क वगैरे, आणि उकळून आटवला तर तो काढा. तुम्ही यातलं काहीच केलेलं नाही, तुम्ही पावडर द्रावकात मुरत ठेवली, हलवली, गाळली. पण बोलीत अर्क हा शब्द आता गाळून निघालेल्या कुठल्याही द्रवाला चालतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून वस्तूला 'अर्क' म्हणा आणि क्रियेला शीर्षकात एकदाच 'निष्कर्षण', बाकी सगळीकडे 'काढणे'. सहा मिनिटांत दहा वेळा निष्कर्षण म्हणायला गेलात तर जीभ अडखळणारच, आणि कोणीतरी ते 'निष्कर्ष' ऐकणार. मॅसरेशनला 'मुरवणे' मस्त बसतं. गाळल्यावर कागदावर राहतो त्याला तुम्ही 'अवशेष' लिहिलंय, त्याला आपल्याकडे चोथा म्हणतात, तोच लिहा.

यील्डला 'उत्पन्न' अजिबात नको, उत्पन्न म्हणजे पैसे नाहीतर शेतातलं पीक, आणि हळदीच्या संदर्भात तर लोक एकरी किती क्विंटल हेच समजतील. साखर कारखान्याचा शब्द तयार आहे: उतारा. 'यंदा साखर उतारा घसरला' हे पेपरात दरवर्षी असतं, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर. तुमचं गणित तेच आहे. फक्त हा शब्द घेतलात की एक प्रश्न अंगावर येतो, उतारा कशाचा? कारण तुमच्या तक्त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात बसल्यात.

एक उदाहरण घेऊन बोलतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा 10 ग्रॅम हळद पावडर, तिच्यात करक्युमिन 4 टक्के, म्हणजे एकूण 400 मिलिग्रॅम. इथेनॉलमध्ये मुरवून, गाळून, उडवून खाली 1.2 ग्रॅम चिकट नारिंगी अर्क उरला. हा झाला अर्काचा उतारा, 12 टक्के. त्या 1.2 ग्रॅममध्ये तेल आहे, राळ आहे आणि करक्युमिन म्हणाल तर 320 मिलिग्रॅम, म्हणजे पावडरीवर करक्युमिनचा उतारा 3.2 टक्के. आणि मुळात होतं त्यातलं किती हाती आलं, तर 320 भागिले 400, 80 टक्के. ही तिसरी गोष्ट म्हणजे रिकव्हरी, तिला उतारा म्हणू नका, 'हाती आलेला वाटा' म्हणा. मसुद्यात इथेनॉलसमोर पहिल्या प्रकारचा आकडा आहे आणि डीप युटेक्टिकसमोर दुसऱ्या प्रकारचा, त्यामुळे इथेनॉल चौपट चांगलं दिसतंय आणि ते खरं नाही. डीप युटेक्टिकचा पहिला आकडा निघूच शकत नाही, कारण ते उडतच नाही, मग खाली उरलेला अर्क वजन करणार कसा? तुलना फक्त करक्युमिनच्या उताऱ्याची करा. आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 425 नॅनोमीटरच्या आसपास मोजलंय ना, तर ते एकटं करक्युमिन नाही, त्याची दोन भावंडंही जवळपास तिथेच शोषतात, म्हणून 'एकूण करक्युमिनॉइड' म्हणणं प्रामाणिक.

तुम्ही शब्द विचारलात पण मला जास्त खटकलं ते क्रियापद. मसुद्यात "कोलीन क्लोराइड लॅक्टिक आम्लात विरघळते व द्रावक तयार होते" असं आहे. साखर पाण्यात विरघळते, मेण वितळतं, आणि गूळ पावसाळ्यात पाघळतो, ही तीन क्रियापदं मराठीने वेगळी ठेवलीत आणि तुमच्या प्रयोगात तिन्ही घडतात! कोलीन क्लोराइड (हेच कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, हे सांगा, लोकांना आवडतं) उघडं ठेवलं की हवेतलं पाणी ओढून पाघळतं. म्हणजे तुम्ही वजन केलंत त्यात पाणी किती आणि कोलीन क्लोराइड किती हे कळत नाही, म्हणून ते वाळवून लगेच तोलायचं. लॅक्टिक आम्लाच्या बाटलीतही 10-15 टक्के पाणी असतंच, तेही हिशोबात धरा.

मग वितळणं. डीप युटेक्टिकची सगळी गंमत इथेच आहे. 2003 साली लेस्टरच्या अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते असं की कोलीन क्लोराइड 302 अंशाला वितळतं, युरिया 133 ला, पण एकास दोन मोल या प्रमाणात मिसळले तर मिश्रण 12 अंशालाच वितळतं, म्हणजे खोलीत ते द्रवच राहतं. दोघांच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असे गुंततात की स्फटिक जमायला सवड मिळत नाही. तुमच्याकडे युरियाच्या जागी लॅक्टिक आम्ल आहे, ते स्वतःच पातळ, म्हणून तुम्हाला 'विरघळलं' असं वाटलं. पण तिथे द्राव्य कोण आणि द्रावक कोण असं नाही, दोघं मिळून द्रावक होतात. तेव्हा 'मिसळून, 60-70 अंशाला ढवळून एकजीव केलं' म्हणा. 'युटेक्टिक'ला मराठी शब्द शोधत बसू नका, एकदा समजावून सांगा आणि तोच वापरा. फार तापवलंत किंवा फार वेळ ठेवलंत तर आम्ल आणि कोलीन यांचं एस्टर व्हायला लागतं आणि तुमचं प्रमाण हळूहळू बदलतं, त्यामुळे बाटलीवर तारीख टाका.

आणि विरघळणं येतं सगळ्यात शेवटी, करक्युमिनचं. हे द्रावक काकवीसारखं दाट असतं, म्हणून पावडरीत शिरत नाही, त्यासाठी तुम्ही 20-25 टक्के पाणी घातलंत ते बरोबर. पण मोजताना अर्क पाण्याने पातळ केलात असं लिहिलंय, तिथे घोटाळा आहे. पाणी खूप झालं की बंधांचं जाळं सुटतं आणि करक्युमिन तर पाण्यात विरघळत नाहीच, मग ते बारीक कणांनी बाहेर पडतं, द्रव गढूळ होतो आणि यंत्र प्रकाश विखुरला तरी 'शोषला' असंच दाखवतं. ओळखायचं कसं, तर 600 नॅनोमीटरला मोजा, तिथे करक्युमिन शोषत नाही, आकडा शून्याच्या जवळ यायला हवा, नाही आला तर गढूळ आहे. इथेनॉलने पातळ करा आणि ब्लँक म्हणून तेवढंच डीप युटेक्टिक तेवढ्याच इथेनॉलमध्ये घालून ठेवा.

हाच गढूळपणा शेवटी उपयोगी पडतो, कारण द्रावक उडत नाही म्हणजे करक्युमिन बाहेर काढायचा रस्ता तोच, भरपूर पाणी ओतायचं आणि खाली बसलेलं सेंट्रिफ्यूज करून घ्यायचं. पण मग ते पाणी आटवल्याशिवाय द्रावक परत वापरता येत नाही आणि पाणी आटवायला इथेनॉलपेक्षाही जास्त उष्णता लागते.

सुरुवात मी अशी लिहीन, जमेल तशी बदला:

"हळदीतला पिवळा रंग म्हणजे करक्युमिन. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून काढायला द्रावक लागतं. नेहमी वापरतात त्यातलं एक डायक्लोरोमिथेन, पण औषधात ते 600 पीपीएमपेक्षा जास्त उरलेलं चालत नाही. आम्ही दोन पर्याय तपासले. पहिला इथेनॉल, दुसरा कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल एकजीव करून बनवलेलं द्रावक. आम्ही दोन प्रश्न विचारले: करक्युमिनचा उतारा किती, आणि द्रावक परत मिळवायला किती खटाटोप. दोन्हींची उत्तरं एकाच बाजूने आली नाहीत."

यानंतर तक्ता, एकच, आणि त्याच्यावरच दोन मिनिटं. सहा मिनिटांत सहाशे शब्दांच्या वर जाऊ नका. तुमचा मसुदा अकराशेचा आहे, हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांची यादी आणि 'पर्यावरण ही काळाची गरज' हा परिच्छेद काढला की बराच उतरेल.

एक बारीक गोष्ट राहिली. साहित्याच्या यादीत नुसतं 'स्पिरिट' लिहिलंय. शुद्ध अल्कोहोलला परवाना लागतो म्हणून कॉलेजात बरेचदा डिनेचर्ड स्पिरिट वापरतात, आणि त्यात मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं, ज्याची मर्यादा 3000 पीपीएम आहे. तुम्ही कुठलं वापरलंत ते बाटलीवर बघून नेमकं लिहा, कारण डिनेचर्ड निघालं तर 'कमी घातक' या शीर्षकावर पहिला प्रश्न त्याच्यावरूनच येणार.